छातीचा एक्स-रे: पाठ केलेली यादी आणि पाहिलेली फिल्म

मेडिसिनच्या प्रॅक्टिकलमध्ये परीक्षक व्ह्यू बॉक्सवर फिल्म लावतात आणि विद्यार्थी सुरू होतो: ए म्हणजे एअरवे, बी म्हणजे ब्रीदिंग, सी म्हणजे कार्डियाक. ट्रॅकिया मध्यभागी, फुप्फुसं स्वच्छ, हृदय नॉर्मल. परीक्षक शांतपणे विचारतात, "ट्रॅकिया नक्की मध्यभागी आहे?" मग विद्यार्थी पहिल्यांदा फिल्मकडे बघतो. यादी त्याला पाठ असते, पण तिच्यातली एकही गोष्ट त्याने पाहिलेली नसते.

पद्धतशीर वाचन म्हणजे एबीसीडीई म्हणून दाखवणं, हा पहिला आणि सर्वांत पसरलेला गैरसमज. यादीतलं प्रत्येक कलम हा खरं तर फिल्मला विचारायचा प्रश्न असतो आणि एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढच्याचा अर्थ ठरतो. म्हणूनच सुरुवात एअरवेपासून होत नाही. आधी नाव, तारीख आणि बाजूची खूण. हृदय डावीकडे दिसतंय म्हणजे फिल्म बरोबर लावली आहे, असं अनेकजण गृहीत धरतात. बाजू मात्र 'आर' किंवा 'एल' या खुणेवरूनच ठरवायची. हृदय उजवीकडे असलेल्या माणसाची फिल्म आपण उलटी लावून 'नॉर्मल' म्हणून वाचली, तर चूक फिल्मची नसते.

गैरसमज: फिल्मचा दर्जा ही बोलायची औपचारिकता आहे

"नीट एक्सपोज झालेली, न फिरलेली फिल्म" हे वाक्य विद्यार्थी न बघताच टाकून देतात. वास्तविक पुढच्या अर्ध्या चुका इथेच ठरतात. रुग्ण किंचित फिरून उभा असेल, तर ट्रॅकिया सरकल्यासारखी दिसते, एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळं वाटतं, हृदयाचा आकार बदलतो. हे ओळखायला दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं पाहायची. मणक्याचा स्पायनस प्रोसेस त्यांच्यापासून सारख्या अंतरावर असला पाहिजे. यामागचं कारण साधं आहे: कॉलरबोन छातीच्या पुढच्या बाजूला, स्पायनस प्रोसेस मागच्या बाजूला. शरीर फिरलं की दोन्हींच्या सावल्या एकमेकींच्या उलट दिशेने सरकतात आणि अंतरं बिघडतात.

मग श्वास. मिडक्लॅव्हिक्युलर रेषेवर पुढच्या बाजूच्या पाच ते सात बरगड्या डायफ्रॅमच्या वर दिसल्या, तर श्वास पुरेसा घेतला आहे. चारच दिसल्या तर फुप्फुसाचा तळ दाटलेला दिसणार आणि हृदय आडवं पडून मोठं वाटणार. तिथे 'न्यूमोनिया' म्हणायच्या आधी थांबावं. शेवटी एक्सपोजर: हृदयामागचे मणके अंधुक दिसायला हवेत. डिजिटल फिल्ममध्ये संगणक उजेड सुधारून घेतो, त्यामुळे या खुणेचा भरवसा थोडा कमी झाला आहे. तरी हृदयामागचं काही दिसतंय का, हा प्रश्न कायम आहे.

गैरसमज: हृदय निम्म्याहून मोठं म्हणजे कार्डिओमेगॅली

हृदयाची सर्वांत जास्त रुंदी भागिले छातीची आतली सर्वांत जास्त रुंदी, आणि हे गुणोत्तर प्रौढात ०.५ पर्यंत ठीक. नियम बरोबर आहे, पण तो पीए फिल्मसाठी आहे. पीए घेताना नळी सुमारे १८० सेंटिमीटर मागे असते आणि छाती कॅसेटला टेकलेली असते. हृदय पुढच्या बाजूला, म्हणजे कॅसेटच्या जवळ असल्याने त्याची सावली फारशी फुगत नाही. आयसीयूमध्ये खाटेवर घेतलेल्या एपी फिल्मचं उलट असतं. नळी जवळ, हृदय कॅसेटपासून लांब आणि रुग्ण बहुधा अर्धवट श्वासात. अशा फिल्मवर ०.५५ पाहून कार्डिओमेगॅली जाहीर केली, तर परीक्षकाचा पुढचा प्रश्न ठरलेला: "व्ह्यू कोणता?" उलट निष्कर्ष मात्र काढता येतो. एपीवरही हृदय लहान दिसत असेल, तर ते खरोखरच मोठं नाही.

गैरसमज: पांढरं म्हणजे पाणी

एक बाजू पूर्ण पांढरी झालेली फिल्म परीक्षेत हमखास येते आणि उत्तरही हमखास येतं: 'प्ल्युरल इफ्युजन'. पण पांढऱ्या रंगावरून काहीच ठरत नाही. ते ठरतं ट्रॅकिया आणि हृदय कुठे गेले यावरून. पाणी जागा व्यापतं, म्हणून त्यांना दुसऱ्या बाजूला ढकलतं. फुप्फुस कोलॅप्स झालं तर जागा रिकामी होते आणि सगळं त्याच बाजूला ओढलं जातं. हा फरक खाटेपाशी फार महाग पडू शकतो, कारण पाणी समजून कोलॅप्सच्या बाजूला सुई घालणारा माणूस थेट फुप्फुसात, हृदयाच्या शेजारी पोचतो. आणि एवढं पांढरं असूनही ट्रॅकिया मध्यभागीच असेल, तर निश्चिंत होऊ नये. गाठीने ब्राँकस बंद केला आहे आणि वर पाणीही साचलं आहे, अशी ओढ आणि ढकल एकमेकींना तोलून धरत असतात.

गैरसमज: सापडलं की संपलं

हा गैरसमज कुणी बोलून दाखवत नाही, पण वागतात सगळे तसेच. एक दोष दिसला की डोळा समाधान पावतो आणि शोध थांबतो. रेडिओलॉजिस्ट याला 'सॅटिस्फॅक्शन ऑफ सर्च' म्हणतात. परीक्षक अशीच फिल्म निवडतात. परीक्षेसाठी रचलेली एक फिल्म पूर्ण वाचून बघू.

साठीचा पुरुष, वर्षानुवर्षं बिडी ओढणारा, दोन महिन्यांपासून खोकला, अधूनमधून थुंकीतून रक्त. फिल्म पाहताच उजव्या शिखराजवळ एक छोटा, खडूसारखा पांढरा ठिपका दिसतो. आपल्याकडे अशा ठिपक्याचं उत्तर तयारच असतं: "जुना टीबी, कॅल्सिफाइड." हे उत्तर चुकीचंही नाही. बहुतेक विद्यार्थी इथे थांबतात.

यादी पुढे नेऊ. व्ह्यू पीए आहे, कॉलरबोनची टोकं स्पायनस प्रोसेसपासून समान अंतरावर, पुढच्या सहा बरगड्या दिसतात. ट्रॅकिया किंचित डावीकडे झुकलेली. नॉर्मल माणसात महाधमनीच्या कमानीमुळे ती जराशी उजवीकडे असते. फिल्म फिरलेली नाही हे आधी पाहिलं, म्हणूनच आता या झुकण्याला किंमत आहे. हृदय १४ सेंटिमीटर, छाती ३० सेंटिमीटर, गुणोत्तर ०.४७ च्या आसपास. मोठं नाही.

आता हायलम, म्हणजे फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या. नॉर्मल माणसात डावा हायलम उजव्यापेक्षा थोडा वर असतो, फार तर बरोबरीला. इथे तो उजव्याहून खाली आहे. मग डावा खाली ओढला गेला की उजवा वर? जुन्या टीबीने उजवं शिखर आकसलं असतं तर उजवा हायलम वर गेला असता. पण मग ट्रॅकियाही उजवीकडे ओढली गेली असती आणि शिखराजवळ चट्ट्यांचे ओरखडे दिसले असते. इथे फक्त एक ठिपका आहे आणि ट्रॅकिया डावीकडे आहे. ओढ डावीकडून, खालून आहे.

डायफ्रॅम पाहू. उजवा स्वच्छ रेषेत आहे. डावा बाहेरच्या बाजूने सुरू होतो आणि मणक्याकडे येता येता पुसला जातो. अमेरिकी रेडिओलॉजिस्ट बेंजामिन फेल्सन यांनी १९५० मध्ये मांडलेली 'सिल्हूट साइन' इथे कामी येते. हृदयाची किंवा डायफ्रॅमची कड दिसते, कारण तिला लागून हवा असते. ती हवा गेली की कड नाहीशी होते. हृदयाची उजवी कड पुसली तर दोष मिडल लोबमध्ये, डावी पुसली तर लिंग्युलात, डायफ्रॅम पुसला तर लोअर लोबमध्ये. या फिल्ममध्ये हृदयाची डावी कड स्पष्ट आहे, डायफ्रॅमची आतली बाजू गेली आहे. म्हणजे डावा लोअर लोब.

एवढं कळल्यावर हृदयाच्या सावलीच्या आत बघायचं. तिथे हृदयाच्या कडेपासून थोडी आत दुसरी एक सरळ, तिरकी कड दिसते आणि तिच्या आतला त्रिकोण बाकीच्या हृदयापेक्षा जास्त पांढरा आहे. आकसलेला लोब हृदयामागे शिडासारखा दडून बसला आहे. वरच्या लोबने फुगून जागा भरली असल्याने उरलेलं डावं फुप्फुस उलट जरा जास्तच काळं आहे आणि त्यात रक्तवाहिन्या विरळ आहेत. ज्याने फक्त 'फुप्फुसं स्वच्छ' एवढंच पाहिलं, त्याला हेच फुप्फुस सर्वांत स्वच्छ वाटलं असतं. बरगड्या, खांदे आणि डायफ्रॅमखालची हवाही पाहायची. इथे त्यांत काही नाही.

उत्तर द्यायचं ते असं: "न फिरलेली पीए फिल्म, ट्रॅकिया डावीकडे, डावा हायलम खाली, हृदयामागे त्रिकोणी सावली, डाव्या डायफ्रॅमची आतली कड दिसत नाही. हे डाव्या लोअर लोबचं कोलॅप्स आहे. उजवीकडचा कॅल्सिफाइड ठिपका जुना असून याच्याशी त्याचा संबंध दिसत नाही." 'कारण?' असं विचारलं तर वय आणि बिडी आठवायची. अशा माणसात ब्राँकसमध्ये गाठ आहे असंच धरून चालायचं आणि सीटी व ब्राँकोस्कोपी सुचवायची. हीच फिल्म दोन वर्षांच्या मुलाची असती तर श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा आधी सुचला असता. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची असती तर कफाचा बोळा.

हृदयामागचा भाग, दोन्ही शिखरं, हायलम आणि डायफ्रॅमच्या घुमटाआड दडलेला फुप्फुसाचा मागचा तळ: या जागा शेवटी मुद्दाम पुन्हा बघायच्या. बाकी फिल्मवर जे असतं ते सहसा न शोधताच दिसतं.

गैरसमज: नॉर्मल फिल्म म्हणजे नॉर्मल छाती

उभ्याने घेतलेल्या पीए फिल्मवर कोपरा बोथट व्हायला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं. त्याहून कमी असेल तर फिल्म स्वच्छ दिसू शकते. पल्मनरी एम्बोलिझममध्येही फिल्म बऱ्याचदा काहीच सांगत नाही. म्हणून उत्तरात 'नॉर्मल' ऐवजी 'या फिल्मवर उघड दोष दिसत नाही' म्हणावं आणि रुग्ण कोणत्या स्थितीत होता तेही सांगावं. अपघातानंतर पाठीवर झोपवून घेतलेल्या फिल्ममध्ये न्यूमोथोरॅक्सची हवा शिखराकडे न जाता पुढे आणि खाली, डायफ्रॅमजवळ जमते. शिखराजवळची ओळखीची पांढरी रेघ तिथे दिसतच नाही. एका बाजूचा कोपरा नेहमीपेक्षा खोल आणि काळा दिसतो एवढंच, आणि तेही शोधलं तर. शंका राहिली तर छातीची सोनोग्राफी करावी. आणि रुग्णाचा रक्तदाब पडत असेल, ट्रॅकिया बोटाला सरकलेली लागत असेल, तर फिल्मची वाटही पाहू नये. टेन्शन न्यूमोथोरॅक्सचं निदान खाटेपाशी तपासूनच करायचं असतं.