यंत्र वाचणारे यंत्र

३१३३२५३११७३११३३५३१११७३१११३३२२५३११११७३११११३३५३१७

ही ४७ अंकी संख्या म्हणजे एक यंत्र आहे. ॲलन ट्युरिंगने १९३६ साली लिहिलेल्या निबंधात ती दिली आहे. तेव्हा तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात होता आणि त्याने अजून पंचविशीही गाठली नव्हती. याच निबंधात त्याने आणखी एका यंत्राचे वर्णन केले. अशी कोणतीही संख्या समोर ठेवली की ती ज्या यंत्राची आहे, त्याचे काम हे दुसरे यंत्र करून दाखवते. हे वैश्विक ट्युरिंग यंत्र. त्याचे नाव अनेकांनी ऐकलेले असते, पण ते चालते कसे हे क्वचितच सांगितले जाते, आणि त्या पोकळीत काही गैरसमज घट्ट बसले आहेत.

गैरसमज : युद्धात जर्मनांचे संदेश फोडणारे यंत्र म्हणजेच वैश्विक यंत्र

‘द इमिटेशन गेम’ या २०१४ च्या चित्रपटामुळे हा समज पसरला. ब्लेचली पार्कमधले ‘बॉम्ब’ हे यंत्र खरे होते आणि त्याच्या रचनेत ट्युरिंगचा मोठा वाटा होता. पण ते एकाच कामाचे होते : एनिग्मा यंत्राच्या चाकांच्या शक्य मांडण्या तपासायच्या आणि विसंगत निघतील त्या बाद करायच्या. दुसऱ्या यंत्राचे वर्णन वाचून त्याच्यासारखे वागणे त्याला शक्य नव्हते. वैश्विक यंत्र त्याच्या काही वर्षे आधीच लिहिले गेले होते, आणि तेही फक्त कागदावर.

गैरसमज : सगळ्या यंत्रांची नक्कल करणारे यंत्र त्या सगळ्यांहून मोठे असले पाहिजे

हा समज सर्वांत स्वाभाविक आहे. दोन अवस्थांचे यंत्र हजार अवस्थांच्या यंत्राची नक्कल कशी करणार, असे कोणालाही वाटेल. याचे उत्तर त्या ४७ अंकांत आहे, म्हणून ते सावकाश उलगडू.

ट्युरिंगच्या यंत्रापुढे घरे आखलेली एक लांबच लांब फीत असते. यंत्राला एका वेळी एकच घर दिसते. ते स्वतः मोजक्या अवस्थांपैकी एकीत असते. अवस्था आणि समोरच्या घरातली खूण ही जोडी पाहून काय लिहायचे, कोणीकडे सरकायचे आणि पुढची अवस्था कोणती, हे नियमांचा तक्ता सांगतो. आपले ४७ अंकी यंत्र ०१०१०१… असे न थांबता छापत जाते, दर दोन अंकांमध्ये एक घर कोरे सोडून. त्याचे नियम चारच आहेत. पहिला असा : अवस्था १ मध्ये असताना घर कोरे दिसले, तर ० लिही, उजवीकडे सरक, अवस्था २ घे.

ट्युरिंगने हा तक्ता अक्षरांत उतरवला. अवस्थेसाठी D आणि तिच्या क्रमांकाइतके A. म्हणजे पहिली अवस्था DA, दुसरी DAA. खुणेसाठी D आणि तिच्या क्रमांकाइतके C. कोऱ्या घराचा क्रमांक शून्य, म्हणून ते नुसते D. खूण ० म्हणजे DC आणि खूण १ म्हणजे DCC. डावीकडे, उजवीकडे आणि जागच्या जागी यांसाठी L, R, N. नियम संपला की अर्धविराम. मग आपले यंत्र असे दिसते :

```
DADDCRDAA;
DAADDRDAAA;
DAAADDCCRDAAAA;
DAAAADDRDA;
```

पहिली ओळ फोडून वाचा : DA, D, DC, R, DAA. अवस्था एक, घर कोरे, ० लिही, उजवीकडे, अवस्था दोन. मध्ये जागा सोडलेली नसली तरी घोटाळा होत नाही, कारण प्रत्येक अवस्था आणि प्रत्येक खूण D ने सुरू होते. आता A ऐवजी १, C ऐवजी २, D ऐवजी ३, मग L, R, N साठी ४, ५, ६ आणि अर्धविरामासाठी ७ ठेवा, आणि चारही ओळी सलग लिहा. वरची संख्या मिळते. ज्या संख्येत ०, ८ किंवा ९ आहे, ती या पद्धतीत कोणत्याच यंत्राची असू शकत नाही.

कोणत्याही यंत्राला ही सात चिन्हे पुरतात. एखाद्या यंत्राला हजार अवस्था असतील, तर हजारावी अवस्था म्हणजे D आणि पुढे हजार A. ही लांबी फितीवर मावते, ती वैश्विक यंत्राच्या पोटात मावण्याची गरज नाही. नक्कल करायच्या यंत्राचा आकार वाढला तर फितीवरचा मजकूर वाढतो, वैश्विक यंत्राचा तक्ता तसाच राहतो. तो किती लहान असू शकतो? १९६२ साली मार्व्हिन मिन्स्कीने केवळ ७ अवस्था आणि ४ खुणांचे वैश्विक यंत्र मांडले. त्याची संकेतपद्धती निराळी होती, पण निष्कर्ष तोच : सात अवस्थांचे यंत्र हजार अवस्थांच्या यंत्राचे काम करू शकते.

गैरसमज : वैश्विक यंत्र दुसऱ्या यंत्राचा तक्ता समजून घेते

ते काहीच समजून घेत नाही. ते अक्षराला अक्षर ताडून पाहते आणि अक्षरे पुढे उतरवते, बस्स.

फितीच्या सुरुवातीला वरचा संकेत लिहिलेला असतो. त्याच्या उजवीकडे वैश्विक यंत्र मूळ यंत्राची ‘स्थिती’ लिहीत जाते. स्थिती म्हणजे त्या क्षणी मूळ यंत्राच्या फितीवर काय आहे, यंत्र कोणत्या घरापाशी आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे. अवस्थेचा संकेत समोरच्या घराच्या खुणेच्या लगेच आधी लिहायचा, एवढ्याने ते यंत्र कुठे उभे आहे हे कळते. आरंभी फीत कोरी आणि अवस्था पहिली, म्हणून पहिली स्थिती DAD.

आता वैश्विक यंत्राला हे DAD ज्या नियमाच्या आरंभी आहे तो नियम हवा. पण DAD लक्षात ठेवण्याची सोय त्याच्याकडे नाही, कारण असे संकेत हवे तितके लांब असू शकतात. म्हणून ट्युरिंगने फितीवरचे एकाआड एक घर कच्च्या खुणांसाठी राखून ठेवले. स्थितीतल्या DAD शेजारी यंत्र y ही खूण करते. मग ते शेवटच्या नियमाकडे जाते, त्याच्या अर्धविरामाशी ‘हा घेतला’ अशी z खूण करते आणि नियमाच्या आरंभीच्या भागाशेजारी x. मग x ची अक्षरे आणि y ची अक्षरे एकेक करून ताडते. चौथा नियम DAAAAD ने सुरू होतो. D जुळला, A जुळला, तिसऱ्या जागी D हवा तिथे A आला. जमले नाही. मग तिसरा, मग दुसरा, तेही नाहीत. पहिला नियम DAD ने सुरू होतो आणि तो तंतोतंत जुळतो.

त्या नियमाचा उरलेला भाग DC, R, DAA. त्याप्रमाणे यंत्र आधीची स्थिती न पुसता तिच्या उजवीकडे नवी स्थिती उतरवते. पहिली तीन पावले झाली की स्थितींचा क्रम असा दिसतो :

```
DAD
DCDAAD
DCDDAAAD
DCDDCCDAAAAD
```

शेवटची ओळ फोडा : DC, D, DCC, DAAAA, D. म्हणजे ०, कोरे घर, १, आणि पुढच्या कोऱ्या घरापाशी चौथ्या अवस्थेतले यंत्र. मूळ यंत्राने जेव्हा ० किंवा १ छापला असता, तेव्हा वैश्विक यंत्र तो अंक स्थितींच्या मध्ये स्वतंत्रपणेही छापते, म्हणून मूळ यंत्राचे उत्तर त्याच क्रमाने फितीवर मिळते.

हे सारे अतिशय संथ आहे. प्रत्येक अक्षर उतरवायला यंत्राला फितीवर मागेपुढे फेऱ्या माराव्या लागतात, आणि जुन्या स्थिती तशाच राहत असल्यामुळे फेरी दर पावलाला लांबत जाते. ट्युरिंगला वेगाशी कर्तव्य नव्हते. प्रत्येक पाऊल मर्यादित हालचालींत पुरे होते, एवढे त्याला दाखवायचे होते.

गैरसमज : वैश्विक म्हणजे सर्व प्रश्नांची उत्तरे देणारे

वैश्विक यंत्र नक्कल करते, भविष्य सांगत नाही. मूळ यंत्र एखाद्या फेऱ्यात अडकले आणि त्यापुढे एकही अंक छापेनासे झाले, तर वैश्विक यंत्रही तसेच फिरत राहते. ‘हे आता अडकले’ असे त्याला कधीच म्हणता येत नाही.

मग असे अडकणे आधीच ओळखणारे वेगळे यंत्र बनवता येईल का? नाही, आणि ट्युरिंगच्या सिद्धतेत वैश्विक यंत्र हेच हत्यार आहे. समजा असे परीक्षक यंत्र आहे. ते आणि वैश्विक यंत्र जोडून एक नवे यंत्र बनवू. ते १, २, ३ अशा सर्व संख्या ओळीने घेईल, कधीही न अडकणाऱ्या यंत्रांच्या संख्या परीक्षकाकडून निवडून घेईल, आणि निवडलेल्या पहिल्या यंत्राचा पहिला अंक, दुसऱ्याचा दुसरा, असे नक्कल करून छापत जाईल. परीक्षक नेहमी उत्तर देतो आणि नक्कलही मर्यादित अंकांपुरतीच आहे, म्हणून हे नवे यंत्र अडकणार नाही. पण त्याचीही एक संख्या असणारच. ती आली की परीक्षक ‘न अडकणारे’ म्हणेल आणि यंत्राला स्वतःचीच नक्कल करावी लागेल. समजा निवडीत त्याचा क्रमांक शंभरावा आहे. मग त्याचा शंभरावा अंक कोणता? नियम सांगतो, ‘स्वतःचा शंभरावा अंक काढ आणि तो छाप.’ तो काढायला पुन्हा तोच अंक हवा. यंत्र तिथे कायमचे अडकते, म्हणजे परीक्षक खोटा ठरतो. यंत्राला संख्येचे रूप देता येते आणि ती संख्या दुसऱ्या यंत्राला वाचता येते, म्हणूनच हा युक्तिवाद उभा राहतो.

इथे एक बारीक दुरुस्ती हवी. ट्युरिंगने हा प्रश्न ‘यंत्र थांबेल का’ असा विचारला नव्हता. त्याच्या निबंधात न थांबता अंक छापणारे यंत्रच चांगले यंत्र आहे. थांबण्याच्या रूपातली मांडणी आणि तिचे नाव नंतरचे आहे.

गैरसमज : ट्युरिंगचा मूळ तक्ता निर्दोष होता

नव्हता. वैश्विक यंत्राच्या छापील तक्त्यात चुका होत्या. एमिल पोस्टने १९४७ साली आपल्या एका लेखाच्या परिशिष्टात त्या दाखवल्या. पुढे संगणक-जाळ्यांच्या क्षेत्रात नाव मिळवलेल्या डोनाल्ड डेव्हिस यानेही त्या शोधल्या आणि त्याच्या दुरुस्त्या २००४ साली प्रसिद्ध झाल्या. या चुकांनी सिद्धांताला धक्का लागत नाही, कारण प्रत्येक चूक यंत्राची पद्धत न बदलता दुरुस्त करता येते. पण असा तक्ता नुसता वाचून त्यातली चूक सहसा दिसत नाही. एखादे लहान यंत्र घेऊन पावलामागून पाऊल चालवावे लागते. तेव्हा वाचकांनीही कागद घ्यावा आणि वरच्या चार नियमांवरून चौथे पाऊल स्वतः उतरवावे. बरोबर उत्तर `DCDDCCDDAD` असे येते.