तीन तासांच्या जलशाचा एक मिनिटाचा टीझर

शाळेच्या सालाना जलशाचं रेकॉर्डिंग तीन तासांचं असतं. ते पाहायला लोकांना बोलवायचं, तर आधी मिनिटभराचा टीझर हवा. बहुतेक टीझरमध्ये प्रत्येक कार्यक्रमाचे थोडे थोडे तुकडे जोडलेले असतात. सगळं दिसतं, पण पुढे पाहावं असं काही वाटत नाही.

टीझरला एक सवाल लागतो. बैतबाजीचंच घ्या. समोरच्याचा शेर ज्या अक्षरावर संपतो, त्याच अक्षराने आपला शेर सुरू करायचा. म्हणजे सवाल त्या खेळातच आहे: या मुलीला शेर आठवेल का? मग टीझरचा कणा हीच फेरी.

आम्ही आधी कागद-पेन घेऊन पूर्ण रेकॉर्डिंग पाहतो आणि वेळ लिहून ठेवतो. पूर्ण शेर निवडत नाही, त्याच्या आधीचे आणि नंतरचे क्षण निवडतो: बोटांवर अक्षरं मोजणारी मुलगी, वेळ संपत आल्याची घंटा, पुढच्या रांगेतले श्वास रोखून बसलेले अब्बा.

आता वेग. पहिले चार शॉट प्रत्येकी चार सेकंदांचे: हॉल, दोन्ही संघ, पहिला शेर. जागा आणि खेळ समजायला एवढा वेळ लागतोच. त्यानंतरचे सोळा शॉट दीड-दीड सेकंदांचे. चाळीस सेकंद झाले. आता घाई थांबवायची. आवाज जवळजवळ बंद, आणि एकच बारा सेकंदांचा शॉट: मुलगी उठते, माईक धरते, तोंड उघडते... कट! शेवटचे आठ सेकंद कार्यक्रमाचं नाव आणि पूर्ण रेकॉर्डिंग कधी पाहता येईल ते. सुरुवातीपासून सगळे शॉट दीड सेकंदांचे ठेवले, तर वेग वाढल्याचं जाणवतच नाही. आधी संथपणा असेल, तरच पुढची घाई घाई वाटते.

संगीत नको असेल तरी अडत नाही. टाळ्या, घंटा, ‘वाह वाह’ यांच्या ठोक्यावर कट मारा. पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या अर्धा सेकंद आधी सुरू केला, की जोड खटकत नाही. तपासायचं असेल तर डोळे मिटून नुसतं ऐका. कुठे झटका बसला, तर तिथला कट चुकलाय.

एक गोष्ट मात्र सांभाळायलाच हवी. अडखळलेल्या मुलाच्या चेहऱ्यानंतर विनोदी नाटुकल्यातलं लोकांचं हसू जोडलं, तर पाहणाऱ्याला वाटतं, सगळे त्यालाच हसले. दोन्ही शॉट खरे, पण जोडलेली गोष्ट खोटी. तकरीरीचंही तसंच. ‘पण’च्या आधी वाक्य तोडलं, की बोलणाऱ्याचं म्हणणं उलटं होतं. म्हणून प्रतिक्रिया त्याच प्रसंगातली घ्यावी आणि वाक्य पूर्ण ठेवावं. तेवढी जागा नसेल तर तो शॉट सोडून द्यावा. लेकरांचे चेहरे आणि बोलणाऱ्यांचे शब्द आपल्याकडे अमानत असतात.