वेत फुटत नाही, विसकटतो

फिलिपिन्समध्ये २००९ साली कायद्याने राष्ट्रीय खेळाचा मान मिळालेल्या आर्निसमध्ये दोघे समोरासमोर उभे राहून काठीवर काठी हाणतात. एका तासात शेकडो टोले बसतात. इतका मार खाणारी काठी वेताची असते, आणि त्याचं कारण ती मोडते कशी, यात आहे.

बांबू आतून पोकळ. जोरात आपटला की उभा चिरतो आणि त्याच्या धारदार कामट्या सुटतात. समोरच्याचा चेहरा हातभर अंतरावर असताना हे परवडत नाही. कामागोंगसारखं जड, कठीण लाकूड टोल्याचा हादरा थेट मनगटात पोचवतं आणि हाडावर बसलं तर हाड मोडू शकतं. वेत मात्र पाम कुळातला वेल. तो आतून भरीव असतो आणि त्याचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग जातात. त्यामुळे मार बसला की आधी वरची साल सुटते, मग तंतू पिंजत जातात. काठी सहसा एकदम दगा देत नाही. टणक आवाज बोदा होऊ लागला की ती बदलायची वेळ झाली, हे कानालाच कळतं. आपल्याकडचा वेताचा मलखांबही याच चिवट लवचिकतेवर उभा होता. चांगला वेत मिळेनासा झाला आणि त्याची जागा दोराने घेतली.

सरावाची काठी साधारण २८ इंच लांब आणि इंचभर जाड असते. ती अगदी टोकाला धरत नाहीत. मुठीखाली दोनेक इंच सोडतात. या बुडाला पुन्यो म्हणतात, जवळ आल्यावर त्याचाही मार देता येतो. मूठ आणि पुन्यो वजा जाता मारायला सुमारे २२ इंच उरतात. एकाच काठीने खेळताना ही लांबी थोडी वाढली तरी बिघडत नाही. दुरून मारणाऱ्या शैलीत ३० इंचांहून लांब काठ्याही चालतात; फक्त टोक जड झाल्याने मनगट परत फिरवायला उशीर होतो.

दोन काठ्या हातात आल्या की हिशेब बदलतो. सिनावाली या जोडकाठीच्या सरावात एक काठी मारत असताना दुसरी विरुद्ध काखेत दबा धरून असते. उजवी वरून पडते, डावी उजव्या काखेतून निघते, उजवी उलट्या हाताने परतते. मग हेच डाव्या बाजूने. इथे काठी लांब असेल तर काखेतून निघताना ती स्वतःच्याच दंडाला किंवा दुसऱ्या काठीला अडकते. संथ गतीत हे लक्षात येत नाही, वेग वाढवला की लय तुटते. म्हणून ठेंगण्या माणसाला २६ इंच सोयीचे पडतात.

नवख्याने तरी २८ इंची जोडीच घ्यावी. अडकत असेल तर एकेक इंच करवतीने कापून बघावं, पण दोन्ही काठ्या एकदम. एकच आखूड केली तर दोन हातांचे टोले एका ठेक्यात पडत नाहीत.