चौकटीवर सांडलेली शाई

औंधमधल्या कोणी छापील अर्जावर ४११००७ हा पिनकोड लिहिला, पण इंग्रजी अंकांत, आणि शेवटच्या 7 ची आडवी रेघ नेमकी चौकटीच्या वरच्या कडेवर बसली. अर्ज स्कॅन झाला, संगणकाने वाचनाआधी छापील रेषा पुसल्या. त्यांच्यासोबत 7 चा माथाही गेला आणि मागे उरला 1. पत्ता पोहोचला ४११००१ मध्ये, म्हणजे पुणे कॅम्पात! दोन्ही पिनकोड खरे असल्याने चूक सहज पकडलीही जात नाही.

म्हणून चांगली प्रणाली रेषा सरसकट पुसत नाही, आधी तिची जाडी मोजते. ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये एका मिलिमीटरमध्ये साधारण १२ ठिपके मावतात. पाव मिलिमीटरची छापील रेषा तीन ठिपक्यांची, तर बॉलपेनची रेघ बहुधा त्याहून जाड. कडेवर ठिपके जिथे तीनच भरतात तिथे ते पुसायचे, जास्त भरतात तिथे शाई आहे असे धरून राखायचे. उभी रेघ कड ओलांडत असेल, तर वरचे आणि खालचे टोक जुळवून मधली फट भरायची.

पेनची रेघ कडेत पूर्ण लपली, तर मात्र मोजमाप हरते. मग पत्त्यातला ‘औंध’ हा शब्द पिनकोडशी ताडून पाहावा लागतो.

खरा उपाय छपाईतच आहे. चौकटी फिक्या लाल रंगात छापल्या आणि लाल प्रकाशात स्कॅन केल्या की त्या दिसतच नाहीत, निळी-काळी शाई तेवढी उरते. अशा अर्जाची काळी-पांढरी झेरॉक्स भरून देऊ नका. त्यात चौकटी पुन्हा काळ्या होतात.