आभाळ आलं की लाइट जात नाही

जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीवरचं घर. पुढे दोन स्लॅबच्या खोल्या, मागे पत्र्याची पडवी आणि पडवीला लागून गोठा. दिवाळी झाली, थंडी पडू लागली आणि या घरातली वीज रोज पहाटे तीनच्या सुमाराला जाऊ लागली. शेजारी उजेड, यांच्याकडे अंधार. बोर्डावरचं बटण वर करावं तर ते लगेच खाली पडायचं. सकाळी सात-साडेसातला मात्र तेच बटण मुकाट्यानं वर बसायचं आणि दिवसभर कसली तक्रार नसायची.

गावातल्या तरुण वायरमननं आधी फ्रिजवर संशय घेतला. फ्रिजचा प्लग काढून ठेवला, तरी पहाटे अंधार झालाच. मग त्यानं बोर्डावरची आरसीसीबी बदलली. नवीसुद्धा तिसऱ्या रात्री पडली. शेवटी तो म्हणाला, "हे काढून डायरेक्ट करून देतो, कटकट मिटेल." घरातल्या आजींना ते पटेना. त्यांनी शेजारच्या गावातल्या आबांना निरोप धाडला. आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. आयटीआयमधून तारतंत्रीचा कोर्स केलेले आणि पन्नास वर्षं घरांची वायरिंग करत आलेले.

आबांनी पिशवी उघडलीच नाही. आधी विचारलं, "बटण कुठलं पडतं?"

प्रश्न साधा वाटतो, पण निम्मा तपास त्यातच होता. बोर्डावर दोन जातींची बटणं असतात. एमसीबी पडते ती भार जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं तर. आरसीसीबीला भाराशी देणंघेणं नसतं. फेजमधून घरात गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढंच ती पाहते. हिशोबात तूट आली, तर प्रवाह कुठून तरी जमिनीत गळतोय असं धरून ती वीज तोडते. घरगुती आरसीसीबीवर 30 मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. त्याच्या निम्म्यापर्यंतच्या गळतीला ती पडायची नसते, पण 30 ला पडायलाच हवी. इथे पडत होती ती हीच. म्हणजे गळती होती, तीही फक्त पहाटेची.

"रोज पडतं का?"

उत्तर आजींनी दिलं. त्या पहाटे उठतात, त्यामुळे त्यांच्या लक्षात आलं होतं. "आभाळ आलं की नाही जात. चांदणं स्वच्छ असलं की हमखास जाते."

आबांनी मान वर करून पडवीच्या पत्र्याकडे पाहिलं. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडत जातो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. त्यात गोठ्यातल्या जनावरांच्या श्वासाची वाफ. पहाटेपर्यंत पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि टपकू लागतात. आभाळ असलं की पत्रा तेवढा गार होत नाही, म्हणून थेंबही नाहीत. आबांनी सूनबाईंना आणखी एक गोष्ट विचारली, गोठ्यातला दिवा केव्हा लावता आणि केव्हा बंद करता? संध्याकाळी सातला लावतो, सकाळी धारा झाल्या की बंद. बटण सकाळी का बसतं, हेही मग उलगडलं.

तरुण वायरमनला या दिव्याचा संशय आला नव्हता. कारण दिवा सातपासून चालू असे आणि तीनपर्यंत काहीच होत नसे.

दिवसा आबांनी मेन स्विच बंद केला, फ्रिज-टीव्हीचे प्लग काढले, बल्ब उतरवले आणि हातानं फिरवायचा 500 व्होल्टचा मेगर लावला. तारेवरचं आवरण किती शाबूत आहे, ते हे यंत्र सांगतं. गोठ्याचं बटण त्यांनी मुद्दाम चालू ठेवलं. बटण बंद असतं तर त्याच्या पुढची फेजची तार तपासलीच गेली नसती. घरातल्या सगळ्या लाइनींनी 50 मेगाओहमच्या वर आकडा दाखवला, गोठ्याच्या लाइननं 6. चालण्यासाठी किमान 1 मेगाओहम पुरतो. म्हणजे गोठ्याची लाइन पास होती, पण बाकीच्यांच्या फार मागे. कोरड्या दुपारी यापलीकडे काही कळणार नव्हतं. आबा रात्री मुक्कामाला राहिले.

तीनला दहा मिनिटं कमी असताना बटण पडलं. आबांनी गोठ्याचा दिवा बंद केला आणि आरसीसीबी वर केली. ती बसली. पुन्हा मेन बंद करून मेगर फिरवला, तर दुपारी 6 वर थांबलेला काटा आता शून्याला चिकटलेला. पडवीच्या मधोमध जोडाचा एक डबा होता. तिथे त्यांनी लाइन सोडवून दोन तुकडे केले आणि दोन्ही वेगवेगळे मोजले. घराकडची बाजू चांगली, गोठ्याकडची खराब. आता पाहायला बारा-पंधरा फूटच उरले.

टेस्टर लावून वीज नसल्याची खात्री केली आणि लाकडी शिडीवरून बॅटरी मारली. भिंतीच्या माथ्यावर, जिथे वायर पत्र्याच्या अँगलला टेकून जाते, तिथे उंदराच्या लेंड्या आणि काळ्या प्लॅस्टिकचा बारीक चुरा पडला होता. शेजारी भुईमुगाच्या शेंगांची पोती. वायरचं वरचं आवरण चार बोटं लांब कुरतडलेलं. आत लाल तारेवर दातांच्या समांतर चरा आणि एका जागी तांदळाच्या दाण्याएवढं काळं पडलेलं तांबं उघडं.

उंदराला प्लॅस्टिक खायचं नसतं. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तो सतत काही ना काही कुरतडतो. शेंगांसाठी माळ्यावर आला आणि वाटेत वायर सापडली. दिवसा त्या उघड्या जागेभोवती कोरडी धूळ असे, म्हणून प्रवाह गळत नसे. पहाटे थेंब पडला की धूळ आणि उंदराचं मूत भिजून अँगलपर्यंत वाट तयार होई. 230 व्होल्टला 30 मिलिअँपिअर गळायला सात-आठ हजार ओहमची वाट पुरते आणि असला ओला मळ तेवढी वाट सहज देतो. अँगल लोखंडी खांबांवर आणि खांब जमिनीत पुरलेले. प्रवाह तिथून मातीत जाई.

आरसीसीबी काढून डायरेक्ट केलं असतं, तर ही गळती रात्रभर चालू राहिली असती. एवढ्या गळतीनं एमसीबी हलतसुद्धा नाही. त्याच अँगलला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली होती आणि पहाटे अंघोळ झाली की आजी ओले कपडे तिच्यावरच टाकत.

आबांनी नुसती टेप गुंडाळली नाही. दातांचे वण पुढेही असू शकतात, म्हणून डब्यापासून गोठ्यापर्यंतची अख्खी वायर बदलली. नवी वायर पत्र्यापासून हातभर खाली, लोखंडी पाइपातून नेली आणि पाइपाला अर्थिंग जोडलं. प्लॅस्टिकची पट्टी उंदीर तासाभरात पोखरतो, असं त्यांचं म्हणणं. शेंगांची पोती पुढच्या खोलीत हलवायला लावली. मग पाइपावर आणि अँगलवर तांब्याभर पाणी ओतून पुन्हा मेगर फिरवला. काटा 50 च्या पुढे गेला. आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दाबून ती पडते का, तेही पाहिलं आणि महिन्यातून एकदा हे करायला सूनबाईंना सांगितलं.

सूनबाई चहा घेऊन आल्या. आबांनी कप ओट्यावर ठेवायला सांगितला, पक्कड घेतली, अँगलला बांधलेली कपड्यांची तार सोडवली आणि तिच्या जागी दोन झाडांमध्ये नायलॉनची दोरी ताणून बांधली. तोवर चहा गार झाला होता.