प्रवचनातली शिकवण आणि तिच्यासाठी सांगितलेली गोष्ट

प्रवचन ऐकताना श्रोता वक्त्याच्या आवाजाबरोबर पुढे जात असतो. एखादा मुद्दा तीनदा सांगितला गेला तरी त्याला ते खटकत नाही, मध्येच आलेले आडवळण त्याला विसाव्यासारखे वाटते. तेच प्रवचन शब्दशः कागदावर उतरले की चित्र बदलते. तासाभराच्या प्रवचनाचा लेख सहज सहा-सात हजार शब्दांचा होतो. त्यात मंगलाचरण असते, मागच्या दिवसाची उजळणी असते, श्रोत्यांना उद्देशून केलेले बोलणे असते, पुनरुक्ती असते आणि या सगळ्यांत मिसळलेल्या गोष्टी व दृष्टांत असतात. अशा लेखाचा सारांश करताना दोन गोष्टी हाती यायला हव्यात: वक्त्याने काय शिकवले आणि ते पटवण्यासाठी कोणत्या कथा सांगितल्या. या दोहोंची यादी करणे सोपे असते. कोणती कथा कोणत्या मुद्द्यासाठी आली, हे टिकवणे अवघड असते. सारांश बिघडतो तो बहुधा तिथेच.

मराठीत याचा अभ्यास करायला विनोबांच्या ‘गीता-प्रवचनां’इतके चांगले साधन क्वचितच मिळेल. 1932 साली धुळे तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने झाली. त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली आणि त्यामुळेच ती आज वाचता येतात. बोललेल्या शब्दांचा इतका भरवशाचा लेख हाती असल्याने त्यातले पहिलेच प्रवचन उदाहरणादाखल घेता येते.

सारांश करणाऱ्याने पहिल्या वाचनात काहीही लिहू नये. वक्ता कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, एवढेच या वाचनात शोधायचे असते. पहिल्या प्रवचनात विनोबा गीतेशी असलेल्या आपल्या नात्याबद्दल बोलतात, महाभारताची थोरवी सांगतात, व्यासांनी कोणतेही पात्र निव्वळ निर्दोष किंवा निव्वळ दुष्ट रंगवलेले नाही हे दाखवतात आणि मग अर्जुनाकडे वळतात. वरवर पाहता हे चार वेगळे विषय वाटतात. पण प्रवचनाचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो: अर्जुनाला नेमके काय झाले होते आणि गीता कशासाठी सांगितली गेली? हा प्रश्न एका वाक्यात लिहून वर ठेवला की पुढचा प्रत्येक परिच्छेद त्याच्याशी ताडून पाहता येतो. महाभारताविषयीचे विवेचन सारांशात दोन वाक्यांत आटोपता येते, कारण ते प्रश्नाची पार्श्वभूमी आहे. अर्जुनाविषयीचे विवेचन मात्र सविस्तर घ्यावे लागते.

दुसऱ्या वाचनात लेखाचे भाग पाडायचे. वक्ता ‘आता’, ‘तेव्हा’, ‘पण’, ‘मग प्रश्न असा’ अशा शब्दांनी वळण घेतो, तिथे समासात खूण करावी. याच वेळी आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडच्या प्रवचनकारांना पूर्वपक्ष मांडण्याची सवय असते. खोडून काढायचे मत ते आधी सांगतात, कधी कधी इतक्या तन्मयतेने की ते त्यांचेच वाटावे. अर्जुन भेकडपणाने गळाला आणि त्याला लढायला उभे करण्यासाठी गीता सांगितली गेली, असे एक मत विनोबा मांडतात. अर्जुन अहिंसेकडे वळला होता आणि गीतेने त्याला युद्धाकडे आणले, असे दुसरे मत ते पुढे ठेवतात. ही दोन्ही मते ते नाकारतात. पहिल्याच्या विरोधात त्यांचा दाखला सरळ आहे: विराटाच्या गाई सोडवताना ज्याने एकट्याने भीष्म, द्रोण, कर्ण यांना हरवले, तो भ्याला असेल हे पटत नाही. सारांश करणाऱ्याने प्रत्येक विधानापुढे ‘वक्त्याचे’ किंवा ‘इतरांचे’ अशी नोंद केली नाही, तर नाकारलेले मत शिकवण म्हणून छापले जाण्याचा धोका असतो.

तिसरी पायरी कथांची. दुसरे मत खोडताना विनोबा एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. या न्यायाधीशाने शेकडो गुन्हेगारांना फाशीची शिक्षा दिलेली असते. एके दिवशी खुनाच्या आरोपाखाली त्याचा स्वतःचाच मुलगा त्याच्यापुढे उभा राहतो. खून सिद्ध होतो आणि शिक्षा देण्याची पाळी येते, तेव्हा न्यायाधीश अडखळतो. फाशीची शिक्षा अमानुष आहे, तिने माणूस सुधारण्याची आशाच संपते, गुन्हा भावनेच्या भरात घडलेला असतो, अशी बुद्धिवादाची भाषा तो बोलू लागतो. मुलगा समोर आला नसता, तर तो पूर्वीप्रमाणेच फाशी देत राहिला असता. त्याचे बोलणे मुलाविषयीच्या ममतेतून आलेले होते. अर्जुनाचेही तसेच झाले होते, असे विनोबा यावरून दाखवतात. समोर आप्तस्वकीय दिसले म्हणून त्याला युद्धातले दोष दिसू लागले.

ही कथा नोंदवताना चार गोष्टी टिपाव्यात: पात्र आणि प्रसंग, कथेचे वळण, वक्त्याने स्वतः काढलेला निष्कर्ष, आणि ती ज्या मुद्द्यासाठी आली तो मुद्दा. वळण गाळले तर कथा मरते. इथे वळण म्हणजे समोर स्वतःचा मुलगा असणे आणि आधीच्या शेकडो शिक्षा. ‘एका न्यायाधीशाला फाशी देणे जड गेले’ असा संक्षेप केला तर शब्द वाचतात, पण दाखला नाहीसा होतो. उलट न्यायाधीशाचे सगळे युक्तिवाद विस्ताराने लिहिले तर कथा फुगते आणि मुद्दा झाकला जातो. सारांशात अशा कथेला तीन-चार वाक्ये पुरतात.

वक्त्याचा निष्कर्ष वेगळा नोंदवण्याचे कारण या कथेत स्पष्ट दिसते. घाईने वाचणारा हिच्यातून दोन चुकीचे अर्थ काढू शकतो: विनोबा फाशीचे समर्थन करतात, किंवा विनोबा अहिंसेला कमी लेखतात. कथा या दोहोंपैकी एकही प्रश्न सोडवायला आलेली नाही. फाशी योग्य की अयोग्य, हा तिथे विचाराचा विषयच नाही. युक्तिवाद कुठून उगवला, विचारातून की आसक्तीतून, एवढेच ती तपासते. म्हणून श्रीकृष्ण अर्जुनाच्या युक्तिवादांना एकेक करून उत्तर देत बसत नाहीत, थेट मोहावर घाव घालतात, असे विनोबा पुढे सांगतात. कथेतून स्वतःला सुचलेले तात्पर्य आणि वक्त्याने काढलेले तात्पर्य वेगळे असेल, तर सारांशात वक्त्याचेच जाते.

कथा आणि लहान दृष्टांत यांतही फरक करावा. पुढे स्वधर्माविषयी बोलताना विनोबा माशाचा दाखला देतात. दूध पाण्याहून मोलाचे असते, म्हणून मासा दुधात राहू शकत नाही. इथे प्रसंग नाही, पात्रांचे वळण नाही, फक्त एक साम्य आहे. असा दृष्टांत मुद्द्याच्याच वाक्यात बसवावा. दुसऱ्याचा धर्म श्रेष्ठ वाटला तरी आपल्याला तो जगवू शकत नाही, एवढे त्याचे काम आहे. त्याला वेगळा परिच्छेद दिला तर तो न्यायाधीशाच्या कथेच्या तोलाचा वाटू लागतो आणि प्रवचनाचे प्रमाण बिघडते.

या नोंदींवरून मध्यभागाचा सारांश असा उभा राहतो:

‘गीतेचे प्रयोजन स्वधर्माच्या आड येणारा मोह घालवणे हे आहे, असे विनोबा प्रतिपादन करतात. अर्जुन भ्यालेला नव्हता, हे त्याच्या पूर्वपराक्रमावरून दिसते. तो अहिंसेकडे वळला होता हे मतही ते अमान्य करतात. यासाठी ते एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात: शेकडो लोकांना फाशी देणाऱ्या या माणसापुढे स्वतःचा मुलगा खुनी म्हणून उभा राहिला, तेव्हाच त्याला फाशीतला अमानुषपणा आठवला. अर्जुनाचे युक्तिवादही असेच स्वजनांच्या आसक्तीतून आले होते, म्हणून कृष्ण त्यांना उत्तर न देता आसक्तीच दूर करतात. स्वधर्म आपल्याला सहज लाभलेला असतो. माशाला दूध जगवत नाही, तसा दुसऱ्याचा धर्म श्रेष्ठ असला तरी तो आपल्याला धारण करू शकत नाही.’

यात ‘प्रतिपादन करतात’, ‘अमान्य करतात’, ‘यासाठी ते सांगतात’ ही क्रियापदे महत्त्वाची आहेत. प्रत्येक विधान कोणाचे आणि कशासाठी, हे त्यांच्यामुळे वाचकाला कळत राहते. वक्त्याचे मत लेखकाने स्वतःच्या आवाजात सांगितले की सारांशाचे प्रवचन होते.

सारांश तपासायला एक साधी परीक्षा पुरते. सगळ्या कथा बोटाने झाकून फक्त शिकवण वाचावी. ती सलग आणि समजण्यासारखी असली पाहिजे. मग शिकवण झाकून कथा वाचाव्यात आणि प्रत्येक कथा कशासाठी आली हे स्वतःला विचारावे. उत्तर देता आले नाही, तर जोडणारे वाक्य राहून गेले आहे. त्यानंतर मूळ लेखाकडे परत जावे लागते. अंदाजाने जोड घालू नये.

ध्वनिमुद्रणावरून उतरवलेल्या लेखात आणखी एक अडचण येते. उतरवणाऱ्याला ओळखीचे नसलेले श्लोक, अभंग आणि नावे हमखास चुकतात. अर्थ लागत नसलेला संस्कृत चरण सारांशात तसाच घेऊ नये, तो छापील ग्रंथाशी ताडून घ्यावा. कथेच्या बाबतीत मात्र नियम उलटा आहे. वक्त्याने पुराणातली कथा मुळाहून थोडी बदलून सांगितली असेल, तर सारांशात वक्त्याचेच रूप ठेवावे, कारण त्याचा मुद्दा त्या रूपावर उभा असतो.

सारांश किती लहान करावा याला एक टोक विनोबांनीच घालून दिले आहे. ‘गीता-प्रवचनां’चे 108 भाग आहेत आणि त्यांचे सार विनोबांनी ‘साम्यसूत्रे’ या नावाने 108 संस्कृत सूत्रांत बांधले. एखाद्या सूत्रात शुक आणि जनक यांची नावे येतात, पण त्यांची गोष्ट तिथे सांगितलेली नाही. प्रवचने वाचलेल्याला सूत्र पाहताच सारे आठवते. न वाचलेल्याच्या हाती त्यातून फारसे लागत नाही. म्हणून सारांश लिहिण्याआधी वाचक ठरवावा. ज्याने प्रवचन ऐकले आहे त्याला नुसती शिकवण पुरेल. ज्याने ऐकलेले नाही त्याला शिकवणीसोबत कथाही द्यावी आणि दोहोंना जोडणारे वाक्य कधीही गाळू नये.