कर्जरोख्यांचे तारण कोण सांभाळते?

बँक कंपनीला कर्ज देते तेव्हा ती निमूट बसत नाही. दर महिन्याला मालाचे आणि येण्याचे तपशील मागवते, अधिकारी गोदामात पाठवते, खात्यातली उलाढाल बघते. हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज बुडीत गटात जाते आणि सरफेसी कायद्याखाली तारणाचा ताबा घेण्याची नोटीस निघते. सावकार एकच असतो आणि त्याच्याकडे वकिलांची फौज असते.

डिबेंचर, म्हणजे कर्जरोखे, काढले की हेच कर्ज हजारो लोकांकडून येते. कंपनीला ते सोयीचे पडते: व्याजदर ठरलेला, मुद्दल मुदतीअखेर एकरकमी, आणि दर महिन्याची बँकेची चौकशी नाही. गुंतवणूकदाराला मुदत ठेवीपेक्षा एक-दोन टक्के जास्त मिळतात. मात्र बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, कर्जरोख्याला तो नाही. आणि दहा हजार रुपये गुंतवलेला सांगलीचा निवृत्त शिक्षक कंपनीच्या गोदामात जाऊन मोजणी करू शकत नाही.

म्हणून कायद्याने डिबेंचर ट्रस्टी नेमायला लावला. पाचशेहून अधिक जणांकडून कर्जरोख्यांत पैसे मागायचे तर ट्रस्टी हवाच, आणि तो सेबीकडे नोंदलेला असावा लागतो. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो तसा कंपनीच्या मालमत्तेवरचा बोजा कंपनी निबंधकाकडे नोंदवला जातो. तो सर्व रोखेधारकांच्या वतीने ट्रस्टीच्या नावे असतो. विक्रीपूर्वी तारणाची कागदपत्रे तपासणे, दर तिमाहीला ते पुरेसे आहे का हे पाहणे आणि हप्ता चुकला की रोखेधारकांना एकत्र आणून वसुलीला लागणे, ही त्याची कामे. २०१६ पासून सरफेसीचे हत्यार त्यालाही मिळाले आहे. त्याची फी मात्र कंपनीच देते. पहारेकऱ्याचा पगार ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याच्याकडून, ही या व्यवस्थेतली जुनी उणीव आहे.

आता तारणाचा हिशेब पाहू. समजा, एका वित्त कंपनीने लोकांना दिलेली कर्जे ५०० कोटींची आहेत आणि हीच येणी तारण आहेत. बँकांचे देणे ३०० कोटी, कर्जरोखे १०० कोटी. माहितीपत्रकात 'सव्वापट तारण' असे छापून येते आणि ते खरेही असते. पण बोजा समान हक्काचा आहे, म्हणजे ५०० कोटींवर बँका आणि रोखेधारक दोघांचाही सारखाच दावा. उद्या येण्यांपैकी १०० कोटी बुडीत निघाले की सव्वापटीचे एकपट होते. उरलेली येणी घाईत निम्म्या भावाने विकावी लागली तर हाती २०० कोटी येतात आणि ४०० कोटींच्या देण्यात ते वाटले की प्रत्येकाला रुपयामागे पन्नास पैसे. पहिल्या दिवशीची सव्वापट कोणाला आठवत नाही.

मुंबईच्या दिवाण हाऊसिंग फायनान्सचे असेच झाले. २०१८ मध्ये तिने सर्वोच्च 'ट्रिपल ए' पतमानांकनावर लोकांना कर्जरोखे विकले. जून २०१९ मध्ये देणी थकली आणि मानांकन थेट 'डी'वर आले. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले आणि प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेले. बँका आणि इतरांचे दावे मिळून सुमारे ८७ हजार कोटी; पिरामल समूहाची बोली ३४,२५० कोटींची. त्यातलाही मोठा भाग रोखीने नव्हे, दहा वर्षांच्या नव्या कर्जरोख्यांच्या रूपाने आला. शिवाय, वांद्र्याच्या अस्तित्वातच नसलेल्या शाखेच्या नावावर लाखो खोटी गृहकर्जे दाखवली होती, असा आरोप सीबीआयने ठेवला. हा आरोप खरा ठरला तर त्या येण्यांवरचा बोजा म्हणजे नुसता कागद. त्याची नोंद बिनचूक असली तरी विकायला काही नाही.

ट्रस्टी आणि नियामक यातून काही शिकले. तारणाची स्वतंत्र तपासणी सेबीने २०२० मध्ये अधिक कडक केली. वसुलीच्या खर्चासाठी कंपनीने आधीच थोडा निधी राखून ठेवावा, असा नियमही आला; त्याआधी पैशांअभावी ट्रस्टी दावा लावायलाच कचरत. कंपनीचे कर्ज पुनर्रचित करायचे असेल तर बँकांच्या करारात रोखेधारकांच्या मान्यतेशिवाय ट्रस्टीला सही करता येत नाही: मूल्याने पंचाहत्तर टक्के आणि संख्येने साठ टक्के धारकांची संमती लागते. त्यामुळे मतदानाची नोटीस आली तर ती फेकून देऊ नका. तिच्यावरच तुमच्या पैशाचे पुढे काय होणार हे ठरते.

अर्ज भरण्यापूर्वी माहितीपत्रकातले 'सिक्युरिटी' हे प्रकरण उघडा. जमीन, यंत्रे की येणी तारण आहेत ते पाहा. त्यावर बोजा एकट्या रोखेधारकांचा की बँकांसोबत वाटलेला, हेही तिथेच लिहिलेले असते. नंतर दर तिमाहीचे तारणाचे प्रमाणपत्र शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येते. ते येणे थांबले किंवा तारणाची पट सलग घसरू लागली, तर मुदतीची वाट न पाहता बाजारात रोखे विकून टाकण्याचा विचार करा, कारण नंतर गिऱ्हाईक मिळत नाही.